मोटरसायकलचा फ्यूज, फ्लॅशर आणि हॉर्न : टेस्ट लॅम्पने दोष शोधण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे १२ व्होल्टची बॅटरी, कार्ब्युरेटर आणि साधे फिलामेंटचे इंडिकेटर बल्ब असलेल्या १०० ते १५० सीसीच्या मोटरसायकली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. इंधन इंजेक्शनच्या नव्या गाड्यांवर काय करू नये, ते पुढे एका स्वतंत्र प्रश्नात दिले आहे आणि तशी गाडी असणाऱ्यांनी ते उत्तर आधी वाचावे.

टेस्ट लॅम्प म्हणजे नेमके काय, आणि तो घरी करता येतो का?

एक होल्डर, त्यात १२ व्होल्टचा बल्ब, होल्डरच्या एका वायरला चिमटा आणि दुसरीला टोकदार सळई, एवढेच हे साधन असते. होल्डर आणि बल्ब कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात आणि वायर मीटरभर लांब ठेवली की बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत ती सहज पोहोचते. माझ्याकडे असे दोन लॅम्प आहेत. एकात ५ वॅटचा बल्ब असून तो ‘येथे करंट येतो का’ एवढे पाहण्यासाठी वापरतो. दुसऱ्यात ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब आहे आणि तो फ्यूजच्या जागी जोडण्यासाठी लागतो. गाडी जुनी ६ व्होल्टची असेल, तर बल्बही ६ व्होल्टचे घ्यावेत.

एलईडीचा टेस्टर हातात आला तर त्यावर पूर्ण विसंबू नये. एलईडीला पेटायला अगदी थोडा प्रवाह पुरतो, त्यामुळे वायरचा एकच धागा शाबूत असला किंवा वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये हिरवट क्षार साचलेला असला, तरी तो लखलखीत पेटतो आणि वायर चांगली असल्याचा समज करून देतो. फिलामेंटचा बल्ब मात्र त्या वायरीवर खरा भार टाकतो आणि जोड कमकुवत असेल तर मंद पेटून ते दाखवून देतो.

लॅम्प कसा धरायचा? चिमटा कोठे लावायचा?

करंट येतो का हे पाहायचे असेल, तर चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावावा आणि सळई तपासायच्या जागी टेकवावी. अर्थ, म्हणजे चॅसीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी, नीट आहे का हे पाहायचे असेल, तर उलट करावे, म्हणजे चिमटा धन टोकाला लावून सळई अर्थाच्या जागी टेकवावी. बहुतेक जण दुसरी पद्धत वापरतच नाहीत, आणि पावसाळ्यानंतरच्या निम्म्याहून अधिक तक्रारी अर्थाच्याच असतात, असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक वेळी सुरुवातीला लॅम्प थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावून पाहावा. त्याने बल्ब शाबूत असल्याची खात्री होते आणि पूर्ण प्रकाश किती असतो हेही डोळ्यांत बसते, कारण पुढची सगळी तुलना त्या प्रकाशाशीच करायची असते. चिमटा रंग दिलेल्या चॅसीला लावल्यास रंगामुळे संपर्क होत नाही आणि चांगली वायरही मेलेली वाटते, म्हणून चिमट्यासाठी बॅटरीचे टोकच वापरावे.

फ्यूज डोळ्यांनी चांगला दिसतो, तरी गाडीत काहीच चालत नाही. असे होऊ शकते का?

होऊ शकते. काचेच्या फ्यूजमध्ये तार बऱ्याचदा टोपीच्या आत, झाळलेल्या ठिकाणी कंपनाने तुटते आणि बाहेरून ती सलग दिसते. म्हणून फ्यूज होल्डरमध्येच ठेवून, किल्ली चालू करून, लॅम्पची सळई आधी फ्यूजच्या बॅटरीकडच्या बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला टेकवावी. दोन्हीकडे सारखा प्रकाश आला तर फ्यूज चांगला. पहिल्या बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल तर फ्यूज गेला आहे किंवा होल्डरच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत. दोन्हीकडे अंधार असेल तर दोष फ्यूजच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीच्या टोकापाशी किंवा तिथून येणाऱ्या वायरीत आहे.

उडालेला फ्यूज फेकण्यापूर्वी नीट पाहावा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर मोठा प्रवाह एकदम वाहिला आहे, म्हणजे कुठेतरी थेट शॉर्ट आहे. तार मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल, तर भार मर्यादेपेक्षा थोडाच जास्त होता आणि तो बराच वेळ राहिला होता. जादा हॉर्न किंवा जादा दिवे बसवलेल्या गाड्यांत हा दुसरा प्रकार दिसतो.

१० अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो, तर १५ किंवा २० चा लावला तर चालेल का?

चालणार नाही. फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवलेला असतो. फ्यूज वाढवला की शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायर तापू लागते, आणि ती वायर टाकीखालून इतर दहा वायरींबरोबर एकाच टेपमध्ये गुंडाळलेली असते. चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळण्याने नेमके हेच होते. पात्याच्या फ्यूजमध्ये १० चा लाल, १५ चा निळा आणि २० चा पिवळा असतो. जुना कोणत्या रंगाचा होता यावर जाऊ नये, कारण तो आधीच्या कोणीतरी बदललेला असू शकतो. होल्डरच्या झाकणावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच खरा मानावा.

फ्यूज नेमका कधी उडतो यावरून दोष कुठे आहे हे कळते का?

कळते, आणि माझ्या मते साधन हातात घेण्यापूर्वी विचारायचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. किल्ली बंद असतानाच नवा फ्यूज उडाला, तर शॉर्ट फ्यूज आणि इग्निशन स्विचच्या दरम्यान आहे. किल्ली चालू करताच उडाला, तर तो इग्निशन स्विच आणि निरनिराळ्या बटणांच्या दरम्यान आहे. एखादे बटण दाबल्यावरच उडाला, तर शॉर्ट त्या बटणाच्या पुढच्या वायरीत किंवा त्या वायरीने चालणाऱ्या वस्तूत आहे. आणि फक्त हँडल वळवल्यावर किंवा खड्ड्यात गाडी आपटल्यावर उडत असेल, तर वायर कुठेतरी घासली गेली आहे आणि ठरावीक स्थितीतच ती चॅसीला टेकते.

हॉर्नच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवावी. काही गाड्यांत हॉर्नला धन वायर किल्लीबरोबर कायम मिळते आणि बटण फक्त अर्थ पूर्ण करते. अशा गाडीत हॉर्नपासून बटणाकडे जाणारी वायर सोलून चॅसीला लागली, तर फ्यूज उडत नाही, हॉर्नच आपोआप वाजत राहतो. बटणातून धन जाणाऱ्या गाडीत तोच दोष असेल, तर बटण दाबताच फ्यूज जातो.

फ्यूजच्या जागी बल्ब लावून शॉर्ट कसा शोधतात?

उडालेला फ्यूज काढून होल्डरच्या दोन टोकांना २१ वॅटच्या लॅम्पच्या दोन वायरी जोडतात. आता सगळा प्रवाह या बल्बातून जातो आणि पुढे थेट शॉर्ट असला, तरी तो पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे वायर जळत नाही आणि दर प्रयोगाला एक फ्यूजही खर्च होत नाही. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण प्रकाशाने पेटतो, शॉर्ट सुटला की तो मंद होतो किंवा विझतो. मंद पेटणे हा दोष नाही, कारण किल्ली चालू असताना न्यूट्रलचा दिवा वगैरे थोडा प्रवाह घेतातच. ब्रेक दाबल्यावर मागचा २१ वॅटचा बल्ब आणि हा लॅम्प दोन्ही अर्धवट पेटतात, तेही बरोबरच आहे.

या स्थितीत इंजिन सुरू करू नये. बॅटरी आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये बल्ब अडकलेला असताना रेग्युलेटरचा विद्युतदाब अनियंत्रित वाढू शकतो आणि त्याचा फटका इतर भागांना बसतो.

प्रत्यक्षात हे कसे घडते, याचे एखादे उदाहरण सांगाल का?

गेल्या पावसाळ्यात एका शेजाऱ्यांची १२५ सीसीची गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार अशी की आठवड्यात तीन फ्यूज उडाले आणि प्रत्येक वेळी ते सोसायटीच्या फाटकातून वळताना उडाले. खोदून विचारल्यावर कळले की त्या वेळी डावा इंडिकेटर चालू असतो. रस्त्यावरच्या इतर डाव्या वळणांवर मात्र काही होत नव्हते. फाटकातले वळण अगदी आखूड होते, म्हणजे हँडल पूर्ण वळवावे लागत होते. म्हणून संशय दोन गोष्टींच्या संगमावर गेला : डावा इंडिकेटर चालू, आणि हँडल डाव्या टोकाला.

फ्यूज काढून २१ वॅटचा लॅम्प जोडला. किल्ली चालू केल्यावर तो अंधूक पेटला, हे अपेक्षितच होते. या प्रयोगात इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला पूर्ण विद्युतदाब मिळत नाही आणि तो वेडेवाकडे वागतो, म्हणून तो काढून त्याच्या कपलरमधल्या दोन वायरी एका तुकड्याने जोडल्या. डावा इंडिकेटर चालू केला, हँडल सरळ. टेस्ट लॅम्प साधारण अर्धा पेटला आणि पुढचा-मागचा इंडिकेटर लालसर दिसू लागला. मग हँडल हळूहळू डावीकडे नेले. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात टेस्ट लॅम्प एकदम लख्ख झाला आणि दोन्ही इंडिकेटर विझले. उजवा इंडिकेटर चालू करून तेच केले, तेव्हा काही फरक पडला नाही. म्हणजे शॉर्ट डाव्या इंडिकेटरच्या वायरीतच आहे हे पक्के झाले.

हँडल त्याच स्थितीत बांधून ठेवले आणि हेडलाइट उघडला. आत डाव्या इंडिकेटरच्या वायरीचे दोन फाटे होतात, एक पुढच्या इंडिकेटरला आणि दुसरा टाकीखालून मागे. पुढच्याची बुलेट पिन ओढून काढली तरी लॅम्प लख्खच राहिला. ती परत बसवून मागे जाणाऱ्या वायरीची पिन काढली, तेव्हा लॅम्प मंद झाला आणि पुढचा इंडिकेटर उजळला. ती पिन जोडून आता सीटखालचा मागच्या इंडिकेटरचा जोड सोडला, लॅम्प पुन्हा लख्ख. तेव्हा दोष हेडलाइट आणि सीट यांच्या मधल्या वायरीत होता, आणि तो हँडलबरोबर बदलत होता, म्हणून हँडलच्या मानेपाशीच शोधणे उरले.

टाकी उतरवून हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडल्यावर मानेजवळ, जिथे चॅसीची पत्र्याची कड येते तिथे, त्या वायरीचे आवरण गव्हाच्या दाण्याएवढे घासलेले दिसले आणि आतले तांबे उघडे होते. हार्नेस पूर्वी कोणीतरी सोडून परत बांधताना अर्धा इंच ताणून बांधला होता, हे खरे कारण. वायर झाळून उष्णतेने आकसणारी नळी चढवली, हार्नेसला मोकळीक दिली, क्लिप पुन्हा जागेवर लावली आणि हँडल दोन्ही टोकांना वीसएक वेळा फिरवून लॅम्प स्थिर राहतो हे पाहिले. त्यानंतरच नवा १० अँपिअरचा फ्यूज बसवला. सगळ्याला दीड तास लागला, त्यातला एक तास टाकी आणि टेपचा होता.

इंडिकेटर अजिबात पेटत नाहीत. फ्लॅशर बदलावा का?

आधी हॉर्न आणि ब्रेक लाइट चालतात का ते पाहावे. तेही बंद असतील तर फ्लॅशरचा विचारच करू नये, फ्यूजकडे जावे. ते चालत असतील तर फ्लॅशरच्या कपलरपाशी जावे. दोन पिनांच्या फ्लॅशरवर बहुधा ‘बी’ आणि ‘एल’ अशी अक्षरे असतात. ‘बी’ला किल्लीकडून करंट येतो आणि ‘एल’मधून तो इंडिकेटरच्या स्विचला जातो. तिसरी ‘ई’ ही पिन असेल तर ती अर्थाची. किल्ली चालू करून ‘बी’च्या वायरीवर लॅम्प पेटतो का ते पाहावे. पेटत नसेल तर दोष अलीकडे आहे. पेटत असेल तर फ्लॅशर काढून ‘बी’ आणि ‘एल’ या वायरी तुकड्याने जोडाव्या आणि इंडिकेटरचा स्विच एका बाजूला करावा. दोन्ही बल्ब न लुकलुकता स्थिर आणि पूर्ण पेटले, तर वायरिंग, स्विच आणि बल्ब चांगले आहेत आणि दोष फ्लॅशरचाच आहे. पेटले नाहीत तर नवा फ्लॅशरही काही करू शकणार नाही. तीन पिनांचा असेल तर ‘ई’च्या वायरीचा अर्थ चिमटा धन टोकाला लावून तपासावा, कारण अर्थ तुटलेला असला तरी असा फ्लॅशर गप्पच बसतो.

‘ई’ आणि ‘बी’ चुकूनही एकमेकांना जोडू नयेत.

एक बाजू नीट लुकलुकते, दुसरी फार वेगाने लुकलुकते किंवा स्थिर पेटून राहते. फ्लॅशर गेला का?

नाही. दोन्ही बाजूंना एकच फ्लॅशर चालवतो, त्यामुळे एका बाजूचे काम नीट होत असेल तर तो निर्दोष आहे. साध्या गाडीत एका बाजूला १० वॅटचे दोन बल्ब असतात आणि फ्लॅशर त्या २० वॅटच्या भारासाठीच बनवलेला असतो. एक बल्ब गेला, कमी वॅटचा बसवला किंवा त्याचा अर्थ कमकुवत झाला की भार घटतो. तेव्हा फ्लॅशरच्या जातीनुसार वेग वाढतो, नाहीतर बल्ब स्थिर पेटून राहतो. साधारणपणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे योग्य समजतात.

मंद पेटणारा बल्ब सापडला की चिमटा धन टोकाला लावून सळई त्या बल्बच्या होल्डरच्या पितळी कडेला टेकवावी. लॅम्प पूर्ण पेटला नाही तर अर्थ खराब आहे. मागच्या मडगार्डच्या बोल्टमधून अर्थ घेणाऱ्या गाड्यांत तो बोल्ट काढून, गंज घासून परत आवळला की बहुतेक वेळा काम होते.

एलईडीचे इंडिकेटर बसवल्यावर चारही एकदम लुकलुकू लागले. हे का होते?

मीटरवर इंडिकेटरचा एकच दिवा असलेल्या गाड्यांत तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. डावा चालू केला की त्या दिव्याचा प्रवाह उजव्या बाजूच्या बल्बांतून अर्थाकडे जातो. साध्या बल्बांना तो इतका तुटपुंजा असतो की ते पेटत नाहीत, पण एलईडीला तेवढाही पुरतो. उपाय म्हणजे मीटरच्या दिव्याची जोडणी बदलून, दोन डायोडमार्फत दोन्ही बाजूंकडून धन घेऊन त्याला स्वतंत्र अर्थ द्यावा. वेग वाढण्याचा प्रश्न यापासून वेगळा आहे आणि त्यासाठी एलईडीचा फ्लॅशर लागतो.

हॉर्न वाजत नाही. हॉर्न खराब की वायरिंग?

यासाठी माझ्या माहितीतली सर्वांत चांगली चाचणी ही आहे : हॉर्नचे दोन्ही जोड काढावे आणि हॉर्नऐवजी त्या दोन वायरींमध्ये २१ वॅटचा लॅम्प लावून, किल्ली चालू ठेवून बटण दाबावे. लॅम्प पूर्ण पेटला तर धन, अर्थ आणि बटण तिन्ही चांगले आहेत आणि दोष हॉर्नमध्ये आहे. या चाचणीत गाडी धन जोडणारी आहे की अर्थ जोडणारी, हे माहीत असण्याची गरजच पडत नाही. हॉर्नला एकच वायर असून अर्थ त्याच्या पट्टीतून मिळत असेल, तर लॅम्पचे दुसरे टोक पट्टीच्या बोल्टला लावावे.

लॅम्प मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर दोन्ही वायरी वेगवेगळ्या तपासाव्या. चिमटा ऋण टोकाला लावून, बटण न दाबता एका वायरीवर प्रकाश आला, तर बटण अर्थ जोडणारे आहे. मग चिमटा धन टोकाला हलवून दुसरी वायर धरावी आणि बटण दाबून पाहावे. लॅम्प पेटत नसेल तर बटण उघडावे. पावसात भिजणाऱ्या गाडीत बटणाच्या तांब्याच्या पट्टीवर हिरवा थर बसलेला असतो आणि बारीक पॉलिश पेपरने तो निघतो. बटण न दाबता दोन्ही वायरी अंधाऱ्या असतील, तर बहुधा धन बटणातून येते आणि बटण दाबून तीच चाचणी पुन्हा करावी.

हॉर्नचा फक्त ‘टक’ आवाज येतो किंवा तो घोगरा वाजतो. दुरुस्त होतो का?

कित्येकदा होतो. हॉर्नच्या आत पडदा, त्याला ओढणारे विद्युतचुंबक आणि त्याचा प्रवाह जोडणारे-तोडणारे एक कॉन्टॅक्ट असते. हे कॉन्टॅक्ट घासले की अंतर बदलते आणि पडदा एकदाच ओढला जाऊन थांबतो. हॉर्नच्या मागच्या बाजूला जुळवणीचा स्क्रू असतो, बऱ्याचदा रंगाने किंवा लाखेने बंद केलेला. बटण थोडा थोडा वेळ दाबत तो दर वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा आणि आवाज स्वच्छ झाला की थांबावे. जुळवणीचा स्क्रू सोडून मध्यभागाचा नट फिरवू नये, त्याने पडद्याचे अंतर बिघडते. एका फेऱ्यात काहीच सुधारणा झाली नाही, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेले असते आणि हॉर्न बदलावा.

इंजिन बंद असताना हॉर्न घोगरा आणि चालू असताना ठीक वाजत असेल, तर स्क्रूला हात लावू नये. तो दोष बॅटरीचा आहे.

मोठे दोन हॉर्न लावल्यापासून फ्यूज जातो. काय करावे?

अशी जोडी मूळ हॉर्नच्या कितीतरी पट प्रवाह घेते आणि तो सगळा बारीक बटणातून जातो. म्हणून रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवावा. मूळ हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांना द्याव्या, बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज लावून जाड वायर ३० ला आणावी आणि ८७ मधून हॉर्नला द्यावी. अनेक सुरांचे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११९ व्या नियमानुसार चालत नाहीत, ते मात्र लावू नयेत.

इंधन इंजेक्शनच्या गाडीवर टेस्ट लॅम्प वापरावा का?

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या कंट्रोल युनिटच्या आणि सेन्सरच्या वायरींना फिलामेंटचा लॅम्प कधीही टेकवू नये, कारण तो त्या नाजूक सर्किटमधून झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह ओढतो. तिथे मल्टिमीटरच वापरावा. हॉर्न किंवा दिव्यांचा स्वतंत्र फ्यूज असेल, तर फक्त त्या फ्यूजच्या पुढच्या वायरींवर लॅम्प चालतो, आणि २१ वॅटचा लॅम्प त्या एकाच फ्यूजच्या जागी लावावा, मुख्य फ्यूजच्या जागी नाही. वायर कोणती आहे याची वायरिंगच्या आकृतीवरून खात्री नसेल, तर सळई टेकवू नये. वायरीचे आवरण सळईने टोचून तपासण्याची सवयही सोडावी, कारण त्या छिद्रातून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच वायर आतून हिरवी होऊन तुटते. कपलरच्या मागच्या बाजूने सळई सरकवली की छिद्र पाडण्याची गरज राहत नाही.